आई व्हॉइस नोट ऐकते, पण तिचे उत्तर पोहोचत नाही: दोष कुठे शोधावा आणि कसा दूर करावा

"आई, मी बोलते आहे. आपल्या विहिरीजवळच्या तुरीला फुलं लागली का, आणि लागली असतील तर कोणत्या बाजूला जास्त आहेत, एवढंच मला सांग. घाई नाही, जेवण झालं की सांग."

गेल्या दिवाळीनंतर नागपूरला परत आल्यावर मी आईला पाठवलेली ही पहिली व्हॉइस नोट आहे आणि तिला आलेले उत्तर हे आईचे आमच्यापर्यंत पोहोचलेले पहिले पूर्ण उत्तर आहे. ज्यांच्या घरी वडीलधारे माणूस सगळ्यांच्या व्हॉइस नोट आवडीने ऐकते, पण त्याचे स्वतःचे उत्तर मात्र कधीच येत नाही, त्यांनी सुरुवात अशाच एखाद्या निरोपाने करावी. निरोप असा का असावा, हे पुढे लिहिले आहे. मात्र तो पाठवण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे शोधावे लागते, कारण आमच्या घरी आम्ही सगळे जवळजवळ वर्षभर दोष भलत्याच ठिकाणी शोधत होतो.

आई ७१ वर्षांची आहे आणि यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी धाकट्या भावाच्या कुटुंबासोबत राहते. आम्हा सगळ्यांचा व्हॉट्सअॅपवर एक गट आहे, त्यात मी नागपूरहून, थोरला भाऊ मुंबईहून आणि आत्या अमरावतीहून बोलत असतो. आई प्रत्येक व्हॉइस नोट ऐकते हे आम्हाला दिसत असे, पण तिच्याकडून एक तर काहीच येत नसे किंवा दोन सेकंदांचा एखादा तुकडा येत असे, ज्यात "अवं…" एवढेच ऐकू येई. आम्ही असा समज करून घेतला की तिला बोलायचे नसावे, किंवा तिला ते जमणार नाही. थोरल्या भावाने तर त्या तुकड्यांना चुकून लागलेला हात समजून उत्तर देणेही सोडले होते. दिवाळीला गावी गेले तेव्हा मी तिला सहज विचारले, तर ती दुखावल्या आवाजात म्हणाली, "मी त रोज बोलते, माय. तुमीच आयकत नाई."

ती खरोखरच रोज बोलत होती, पण तिचे बोलणे फोनच्या बाहेर पडत नव्हते.

बोटाखाली काय घडत होते

मी तिला काहीही न सांगता ओसरीवर तिच्या शेजारी बसले आणि तिला आत्याला उत्तर द्यायला लावले. तिने फोन डाव्या हातात धरला, उजव्या हाताच्या तर्जनीने खालच्या कोपऱ्यातले माइकचे चिन्ह टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबावे तसे एकदा टपकन दाबले, बोट उचलले, आणि मग मान वर करून, जणू आत्या समोरच बसली आहे अशा थाटात, अर्धा मिनिट व्यवस्थित बोलली. बोलून झाल्यावर तिने फोन उशीजवळ ठेवून दिला. पडद्यावर तिने बटण दाबले त्याच क्षणी खाली बारीक इंग्रजी अक्षरांत Hold to record, release to send अशी सूचना येऊन गेली होती. ती सूचना दोन क्षणांत नाहीशी होते, आणि चाळिशीचा चष्मा देवळीत ठेवलेल्या माणसाला ती दिसण्याची शक्यता नसते.

व्हॉइस नोटचे हे बटण इतर सगळ्या बटणांपेक्षा वेगळे वागते, हे आपण विसरून गेलेले असतो. दिवा, पंखा, मिक्सर, रिमोट यांचे बटण एकदा दाबले की काम सुरू होते आणि हात मोकळा होतो. इथे मात्र बोट दाबून ठेवले आहे तोवरच आवाज भरला जातो, बोट उचलले की भरलेला आवाज लगेच निघून जातो, आणि बोट एका सेकंदाच्या आत उचलले तर काहीच भरले जात नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दाबून सोडायची बटणे वापरली, ते माणूस हेही बटण दाबून सोडणारच.

मी तिला "दाबून धर" असे सांगितले, आणि तेव्हा दुसरा दोष उघडा पडला, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तिने बोट नीट दाबून धरले होते, ते काचेवरून उचललेले मला स्वतःला दिसले नाही, तरीही दोन सेकंदांनी नोट तुटून निघून गेली. "अवं…" असे ते तुकडे इथूनच येत होते. मी तिचे बोट हातात घेऊन पाहिले. दिवाळीचे दिवस म्हणजे कापूस वेचण्याचे दिवस असतात. वाळलेल्या बोंडाच्या टोकदार कडा बोटांच्या शेंड्यांना सतत टोचतात, आणि तिच्या तर्जनीचा शेंडा कोरडा, चिरलेला आणि घट्टे पडून जाड झालेला होता. फोनची काच दाबाने नव्हे, तर त्वचेतून होणाऱ्या अगदी सूक्ष्म विद्युत बदलाने स्पर्श ओळखते, त्यामुळे त्वचा फार कोरडी आणि जाड असली की काचेला ते बोट मधूनमधून जाणवेनासे होते. बोट जागेवरच असते, पण फोनच्या लेखी ते उचलले गेलेले असते. शिवाय बोलताना माणूस बोटाचा जोर नकळत कमी करतो, त्यात हाताला थोडा कंप असला की हा दोष वाढतो.

यावर तीन गोष्टी कामी आल्या. पहिली म्हणजे बोटाच्या टोकाऐवजी अंगठ्याचा मांसल भाग वापरणे, कारण तिथली त्वचा मऊ असते आणि काचेला अधिक जागा टेकते. दुसरी म्हणजे फोन घेण्याआधी ओल्या फडक्याने हात पुसून घेणे. तिसरी म्हणजे काचेवर बसवलेली, कडा उचकटलेली जाड पट्टी काढून टाकणे. काही फोनांच्या सेटिंगमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याची सोयही असते, ती असल्यास सुरू करावी. मात्र या तिन्हींनी तुटणे कमी होते, थांबत नाही. तुटणे थांबवणारा उपाय वेगळा आहे.

कडी वर सरकवणे

माइक दाबून धरला की त्याच्या वरच्या बाजूला एक छोटे कुलूप दिसते. बोट न उचलता तसेच वर सरकवून कुलपापर्यंत नेले की आवाज भरणे कायम सुरू राहते आणि हात मोकळा होतो. मग फोन मांडीवर ठेवून हवे तेवढे बोलावे आणि शेवटी बाणाचे चिन्ह दाबावे, म्हणजे नोट जाते. बोलणे बिघडले तर शेजारच्या कचरापेटीच्या चिन्हाने ते टाकून देता येते. ज्यांच्या हाताला कंप आहे किंवा बोटे कोरडी आहेत, त्यांना दाबून धरण्याची पद्धत शिकवूच नये, थेट ही पद्धत शिकवावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. दोन पद्धती एकाच वेळी शिकवल्या तर माणूस अर्धी ही आणि अर्धी ती वापरते.

"कुलूप लाव" असे सांगून आईला काहीच उमगले नाही, कारण तिच्या मनात कुलूप म्हणजे किल्ली आणि बंद घर. शेवटी मी तिला आमच्या मागच्या कवाडाची कडी दाखवली, जी धरून वर सरकवली की अडकते आणि हात सोडला तरी खाली येत नाही. ते पाहताच ती म्हणाली, "म्हंजे कडी वर सरकवाची अन् हात सोडाचा." तेव्हापासून आमच्या घरी या कृतीला कडी सरकवणे असेच म्हणतात. तुमच्या घरात वर सरकून अडकणारी जी वस्तू रोजच्या हाताखालची असेल, तिचेच नाव वापरावे.

सरकवताना एक चूक नेमाने होते. बोट सरळ वर जाण्याऐवजी तिरपे डावीकडे जाते, आणि डावीकडे सरकवणे म्हणजे नोट रद्द करणे असल्यामुळे सगळे पुसले जाते. आईकडून पहिल्या दिवशी पाच वेळा असेच झाले. फोन हातात तिरपा धरल्यामुळे तिला वरची दिशाच तिरपी दिसत होती. फोन पाटावर सरळ ठेवून, अंगठा पाटाच्या उजव्या कडेला समांतर सरकवायला सांगितल्यावर ही चूक थांबली.

सराव कुठे करायचा, हाही प्रश्न होता. चुकीचे काही गेले तर सगळे हसतील अशी तिला धास्ती होती, आणि ती धास्ती गटात सराव करून जात नाही. व्हॉट्सअॅपमध्ये २०२२ पासून स्वतःलाच निरोप पाठवण्याची सोय आहे. नवीन संभाषण सुरू करताना संपर्कांच्या यादीत स्वतःचे नाव येते, ते उघडायचे. आईने दोन दिवस तिथेच सराव केला. ती एखादे वाक्य बोले, बाण दाबे आणि मग स्वतःचाच आवाज ऐके. आपला आवाज खरोखर भरला गेला याची खात्री तिला तिथे पहिल्यांदा झाली. सरावासाठी एका बैठकीत चार-पाच नोटांपेक्षा जास्त नकोत, कारण त्यानंतर बोट दमते, चुका वाढतात आणि माणूस त्या चुका घेऊनच उठते.

लांबून दोष ओळखणे

दर वेळी शेजारी बसणे शक्य नसते, म्हणून लांबून तपासण्याची एक रीत सांगते. तुमच्या फोनवर आईचे संभाषण उघडे ठेवा आणि तिला नोट पाठवायला सांगा. तिच्याकडे आवाज भरणे सुरू झाले की तुमच्या पडद्यावर तिच्या नावाखाली recording audio… अशी अक्षरे येतात. या अक्षरांकडे पाहून पुष्कळ काही कळते. अक्षरे क्षणभर येऊन गेली आणि नोट आली नाही किंवा तुकडाच आला, तर बोट सुटले आहे. अक्षरे बराच वेळ दिसली आणि मग काहीच आले नाही, तर एक तर बोट डावीकडे जाऊन नोट रद्द झाली, किंवा कडी सरकवून बोलणे झाले पण बाण दाबायचा राहिला, किंवा नोट नेटवर्कअभावी अडकली. अक्षरे आलीच नाहीत, तर आवाज भरणे सुरूच झालेले नाही, आणि दोष माइकच्या परवानगीत तरी आहे किंवा चुकीचे चिन्ह दाबण्यात तरी आहे. मात्र हे म्हणण्याआधी दोन्हीकडचे इंटरनेट सुरू असल्याची खात्री करावी.

हे तपासताना मी स्वतः एक चूक केली होती, ती इतरांनी टाळावी. मी आईला तिच्याच फोनवर कॉल लावून, "आता माइक दाब, आता वर सरकव" असे सांगत होते, आणि तिकडे काहीच होत नव्हते. कॉल सुरू असताना त्याच फोनवर व्हॉइस नोट भरता येत नाही. शिकवणी पहिल्याच पायरीवर अडली होती आणि मला वाटत होते की ती ऐकत नाही. अशा वेळी कॉल वहिनीच्या किंवा शेजारच्या फोनवर लावावा आणि आईचा फोन मोकळा ठेवावा.

नेटवर्कअभावी अडकलेली नोट ओळखणे सोपे आहे. नोटेवर घड्याळाचे चिन्ह असले तर ती अजून तिच्याच फोनमध्ये आहे, एक खूण असली तर तिच्या फोनमधून निघाली आहे, दोन खुणा असल्या तर तुमच्या फोनवर पोहोचली आहे. आमच्या घरी टिनाखालच्या खोलीत नेटवर्क जेमतेम असते आणि वीज गेली की तेही जाते. आईला आपली नोट गेलेली दिसत नसे, म्हणून ती तेच बोलणे दोन-तीन वेळा भरत असे, आणि रात्री नेटवर्क आले की तिन्ही नोटा एकदम येऊन पडत. घड्याळ दिसले तर पुन्हा बोलायचे नाही, नेटवर्क आल्यावर ती नोट आपोआप जाते, एवढे तिला पक्के सांगावे लागले.

माइक हरवतो किंवा भलताच माइक दाबला जातो

काही दिवसांनी आईचा वहिनीकरवी निरोप आला की माइकच नाहीसा झाला. लिहिण्याच्या चौकटीत एखादे जरी अक्षर पडले, तरी माइकच्या जागी बाण येतो, कारण फोनला वाटते की तुम्ही लिहिलेला मजकूर पाठवणार आहात. तिचे बोट चौकटीला लागले होते, कीबोर्ड वर आला होता आणि दोन अक्षरे टंकली गेली होती. ती अक्षरे पुसली की माइक परत येतो.

याच कीबोर्डमुळे दुसरा घोटाळा होतो. कीबोर्डवर स्वतःचा एक माइक असतो, जो आवाज भरत नाही, तर बोललेल्याची अक्षरे करतो. पहिल्यांदा शिकणाऱ्याला दोन्ही माइक सारखेच दिसतात. आईने एकदा त्या माइकवर बोलून पाठवले तेव्हा गटात जी ओळ आली, तिचा अर्थ कोणालाच लागला नाही, कारण ती वऱ्हाडीत बोलली होती आणि फोनने त्याचे भलतेच काही लिहिले होते. मी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन बोलून लिहिण्याची सोय बंद केली, त्याबरोबर तो माइकही गेला. आता पडद्यावर एकच माइक आहे. ज्यांना पुढे बोलून लिहायचे असेल त्यांनी तो नंतर सुरू करावा, पण शिकण्याच्या काळात दोन माइक नसावेत.

माइकची परवानगी एकदाच तपासून घ्यावी. फोनने विचारल्यावर कोणीतरी फक्त या वेळेपुरती परवानगी दिलेली असली, तर पुढच्या वेळी फोन पुन्हा विचारतो आणि आई घाबरून नको म्हणते. फोनच्या सेटिंगमध्ये अॅपच्या यादीतून व्हॉट्सअॅप उघडून माइकची परवानगी अॅप वापरात असताना कायम मिळेल अशी ठेवावी.

ऐकण्यातले अडथळे

उत्तर देणारे माणूस आधी नीट ऐकू शकले पाहिजे. आईची तक्रार होती की नोट सुरू केली की फोन काळा पडतो आणि आवाज बसतो. फोनच्या वरच्या भागात, कानाच्या स्पीकरजवळ, एक संवेदक असतो. काही जवळ आले की फोन कानाला लावला आहे असे तो धरून चालतो, पडदा बंद करतो आणि आवाज मोठ्या स्पीकरवरून कानाच्या स्पीकरवर नेतो. आई फोन दोन्ही हातांत वरच्या बाजूने धरत असे, त्यामुळे तिचा तळवा त्या संवेदकावर येई. फोन खालच्या बाजूने धरायला सांगितल्यावर तक्रार संपली. पुढे मला असेही दिसले की या वागण्याचा उपयोगही आहे. अंगणात गलका असला किंवा ऐकू कमी येत असले, तर नोट सुरू करून फोन सरळ कॉलसारखा कानाला लावावा. आवाज जवळून येतो आणि शेजारच्यांना ऐकू जात नाही. आई आता बहुतेक नोटा अशाच ऐकते.

कधी सगळ्यांचे आवाज घाईघाईने बोलल्यासारखे येऊ लागले, तर नोट सुरू असताना शेजारी दिसणाऱ्या आकड्याला चुकून हात लागून वेग दीडपट किंवा दुप्पट झालेला असतो. तो आकडा 1× होईपर्यंत दाबावा.

संभाषणच सापडत नसेल, तर ते चुकून Archived मध्ये गेले आहे का ते पाहावे. तिथे गेलेले संभाषण नवा निरोप आला तरी आपणहून बाहेर येत नाही. ते बाहेर काढून, नावावर बोट दाबून धरून, पिनच्या चिन्हाने यादीत सर्वात वर बसवावे. मी आईच्या यादीत वर फक्त दोनच संभाषणे ठेवली आहेत, माझे आणि घरच्या गटाचे.

पहिला निरोप कसा असावा

हात तयार झाला तरी बोलायचे काय, हा अडसर राहतोच. मी पूर्वी "आई, कशी आहेस?" असे विचारत असे. त्याचे उत्तर "बरी हाय" एवढेच असते आणि तेवढ्यासाठी कडी सरकवण्याचा खटाटोप कोणी करत नाही. "जेवलीस का?" याला ती फोनकडे पाहून मान हलवी आणि तिच्या दृष्टीने उत्तर होऊन जाई. म्हणून पहिल्या निरोपातला प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर फक्त तिलाच ठाऊक आहे, ते हो-नाहीत संपत नाही, आणि तुम्हाला ते खरोखर जाणून घ्यायचे आहे. विहिरीजवळची तूर मी पेरणीच्या वेळी पाहिली होती, मला तिचे खरेच कुतूहल होते, आणि कोणत्या बाजूला फुले जास्त आहेत हे सांगायला तिला एक-दोन वाक्ये बोलावीच लागणार होती.

निरोप पंधरा सेकंदांच्या आत संपावा. लांबलचक नोट ऐकताना प्रश्न मागे पडतो आणि शेवटी काय विचारले होते हेच आठवत नाही. एका निरोपात एकच प्रश्न असावा आणि फोन कसा वापरायचा याची सूचना त्यात मुळीच नसावी, कारण सूचना ऐकली की ते माणूस परीक्षेला बसल्यासारखे होते. निरोप सकाळी पाठवू नये, तेव्हा गटांमध्ये सुप्रभातच्या चित्रांची गर्दी असते आणि आईच्या हातात काम असते. दुपारी जेवणानंतर ती टेकते, ती वेळ चांगली. आणि पहिला निरोप गटात न पाठवता तिच्या एकटीच्या संभाषणात पाठवावा.

याचे एक कारण तिची भीड, आणि दुसरे कारण असे की पोच तिथे लगेच दिसते. तिची नोट तुम्ही ऐकली की तिच्या फोनवर नोटेजवळचे माइकचे चिन्ह निळे होते. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा बंद ठेवता येतात, पण नोट ऐकल्याची ही खूण बंद करता येत नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबता येते. गटात मात्र सगळ्यांनी ऐकेपर्यंत ते चिन्ह निळे होत नाही, आणि नऊ जणांपैकी एक जण जरी मागे राहिला तरी तिला वाटते की कोणी ऐकलेच नाही.

मी नोट दुपारी सव्वादोनला पाठवली. पावणेतीनला recording audio… ही अक्षरे दिसली, पाच-सहा सेकंद राहिली आणि गेली. पुन्हा दिसली, पुन्हा गेली. बोट डावीकडे जात असणार हे मला समजत होते, पण मी कॉल केला नाही. तिसऱ्यांदा ती अक्षरे बराच वेळ टिकली आणि एकोणीस सेकंदांची नोट आली: "फुलं आली, माय. नाल्याच्या बाजूनं लय हाय, इकडं कमी हाय. थंडी पडू दे मंग पाय." मी ती लगेच ऐकली आणि लगेच उत्तर दिले की नाल्याकडे ओल टिकत असेल म्हणून तिकडे बहर जास्त असावा. पहिल्या आठवड्यात उत्तर दहा मिनिटांच्या आत द्यावे, असे मी स्वतःवर बंधन घातले होते, कारण वर्षभर तिचे बोलणे कुठेच पोहोचले नव्हते.

दोन आठवडे आम्ही दोघीच बोललो, रोज एक प्रश्न आणि एक उत्तर. त्यानंतर ती गटात आली. तिथे नवीन अडचण अशी झाली की तिचे "हो, चालते मले" हे उत्तर वीस निरोपांनंतर येई आणि ते कोणाला उद्देशून आहे हे कळत नसे. एखाद्या निरोपाला उजवीकडे सरकवले की त्यालाच जोडून उत्तर देता येते, पण ही आणखी एक सरकवण्याची कृती तिला शिकवणे मी मुद्दाम टाळले, कारण वर आणि उजवीकडे यांत गल्लत झाली असती. त्याऐवजी तिने आधी नाव घ्यायचे आणि मग बोलायचे, असे ठरले. गटातली तिची पहिली नोट "अमरावतीवाल्या बाई, आयका" अशी सुरू झाली. आत्याने ती तासाभरात ऐकली. मुंबईचा भाऊ रात्री उशिरा कामावरून येतो, त्यामुळे माइकचे चिन्ह निळे व्हायला दुसरी सकाळ उजाडली. वहिनी सांगत होती की तोवर आईने चार वेळा फोन उघडून ते चिन्ह पाहिले होते.